एक्सप्लेनर : बिलावर जीएसटी शून्य, तरी कर तुम्हालाच भरायचा? कापूस, बिल्टी आणि गोदाम भाड्याचा हिशेब

चिखली : दिवाळीनंतर बाजार समितीत सोयाबीनची आणि जिनिंगवर कापसाची आवक वाढली की व्यापाऱ्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग लागतो. त्यात शेतकऱ्याची काटापट्टी असते, ट्रान्सपोर्टची बिल्टी असते, पंपाची डिझेल पावती असते आणि गोदाम मालकाच्या भाड्याची पावतीही असते. या सगळ्या कागदांवर एक गोष्ट सारखी दिसते. जीएसटीच्या रकान्यात शून्य असतो, किंवा तो रकानाच नसतो.

नवख्या मुनीमाला वाटते, कर नाही म्हणजे नोंदही नाही. पण यातल्या तीन कागदांवर कर आहे आणि तो विक्रेत्याने नव्हे, तर खरेदीदाराने भरायचा आहे. कोणते तीन, ते कसे ओळखायचे आणि वहीत नोंद कशी घालायची, ते पाहू.

शून्य एक, अर्थ तीन

बिलावर कर दिसत नाही तेव्हा त्यामागे तीनपैकी एक कारण असते.

पहिले, वस्तू किंवा सेवाच करमुक्त आहे. कायद्यात शून्य दराची वस्तू, अधिसूचनेने माफ केलेली वस्तू आणि डिझेल-पेट्रोलसारखी जीएसटीच्या बाहेरची वस्तू असे वेगळे प्रकार आहेत. खरेदीच्या नोंदीपुरता परिणाम एकच आहे : कराची कोणतीही नोंद नाही.

दुसरे, वस्तूवर कर आहे, पण विकणारा कर लावण्यास बांधील नाही. तो शेतकरी असेल, नोंदणी नसलेला छोटा विक्रेता असेल किंवा कंपोझिशनमधला दुकानदार असेल. इथेही खरेदीवर कराची नोंद नाही. मात्र तोच माल पुढे विकताना तुम्हाला कर लावावा लागतो.

तिसरे, वस्तूवर किंवा सेवेवर कर आहे आणि सरकारने तो भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर टाकली आहे. यालाच रिव्हर्स चार्ज किंवा आरसीएम म्हणतात. इथे एक नव्हे, दोन नोंदी होतात : कर देणे लागतो ही एक आणि त्याच कराचे क्रेडिट मिळते ही दुसरी.

सगळी गल्लत होते ती या तीन शून्यांची अदलाबदल झाल्यामुळे.

एका महिन्याचे कागद

समजा, चिखलीत जिनिंग आणि धान्य खरेदी करणारी एक भागीदारी फर्म आहे. तिची जीएसटी नोंदणी नियमित प्रकारची आहे. नोव्हेंबरमध्ये तिच्याकडे पुढील कागद आले. रकमा आणि भाव फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.

- शेतकऱ्याकडून कापूस, २० क्विंटल, ७,००० रुपये भावाने : १,४०,००० रुपये
- शेतकऱ्याकडून सोयाबीन, ५० क्विंटल, ४,५०० रुपये भावाने : २,२५,००० रुपये
- जिनिंग मशीनच्या सुट्या भागांची वाहतूक, बिल्टीसह : ८,००० रुपये
- सोयाबीनच्या पोत्यांची वाहतूक, बिल्टीसह : ६,००० रुपये
- गोदामाचे भाडे, मालकाची जीएसटी नोंदणी नाही : १५,००० रुपये
- डिझेल : १०,००० रुपये

एकाही कागदावर कर लावलेला नाही. आता एकेक कागद घेऊ.

कापूस आणि सोयाबीन : शेतकरी एक, नियम दोन

शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातल्या पिकासाठी जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. त्यामुळे तो कर लावणार नाही, हे दोन्ही पिकांना सारखेच लागू आहे. फरक पुढे आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून कच्चा कापूस रिव्हर्स चार्जच्या यादीत आहे. शेतकऱ्याने नोंदणीकृत व्यक्तीला कापूस विकला, तर त्यावरचा ५ टक्के कर खरेदीदाराने भरायचा. सोयाबीन त्या यादीत नाही.

म्हणून कापसाच्या १,४०,००० रुपयांवर ७,००० रुपये कर येतो. त्यातले ३,५०० सीजीएसटी आणि ३,५०० एसजीएसटी. सोयाबीनच्या २,२५,००० रुपयांवर खरेदीच्या वेळी काहीच नाही.

कापसाची नोंद वहीत अशी पडते :

१. कापूस खरेदी खाते नावे १,४०,०००. शेतकऱ्याचे खाते जमा १,४०,०००.
२. इनपुट सीजीएसटी (आरसीएम) नावे ३,५०० आणि इनपुट एसजीएसटी (आरसीएम) नावे ३,५००. आरसीएम देय सीजीएसटी जमा ३,५०० आणि आरसीएम देय एसजीएसटी जमा ३,५००.
३. कर भरल्यावर : आरसीएम देय खाती नावे ७,०००, बँक जमा ७,०००.

शेतकऱ्याच्या खात्यात एक रुपयाही कमी-जास्त होत नाही, हे लक्षात घ्या. कराच्या नावाखाली त्याच्या पट्टीतून ५ टक्के कापणे चुकीचे आहे. हा कर खरेदीदाराने मूळ किमतीच्या वर भरायचा असतो.

शेतकरी जीएसटीचे बिल देत नसल्याने खरेदीदारानेच स्वतःच्या नावे बिल तयार करायचे असते. त्याला सेल्फ इनव्हॉइस म्हणतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते माल मिळाल्यापासून ३० दिवसांत करणे बंधनकारक आहे. त्या बिलाशिवाय क्रेडिटला कागदी आधार राहत नाही. शेतकऱ्याला पैसे देताना पेमेंट व्हाउचरही करावे लागते.

कर कोणत्या महिन्यात दाखवायचा? कापूस आला ती तारीख किंवा पैसे दिले ती तारीख, यातली आधीची धरायची. ३० नोव्हेंबरला कापूस आला आणि पैसे डिसेंबरमध्ये दिले, तरी कर नोव्हेंबरच्या हिशेबात येतो.

विकणारा खरोखर शेतकरी आहे का?

कापसाचा हा नियम शेतकऱ्याकडून केलेल्या खरेदीलाच लागू आहे. कायद्यात शेतकरी म्हणजे स्वतःच्या, घरच्यांच्या किंवा स्वतःच्या देखरेखीखालील मजुरांच्या श्रमाने शेती करणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब.

गावोगाव फिरून खेडा खरेदी करणारा व्यापारी या व्याख्येत बसत नाही. तो नोंदणीकृत असेल तर त्याने बिलावर ५ टक्के लावायला हवेत. तुम्ही आरसीएम भरायचा नाही. शेतकरी उत्पादक कंपनीही व्यक्ती नाही, कंपनी आहे. तिच्याकडून कापूस घेतला आणि ती नोंदणीकृत असेल, तर कर तिच्याच बिलावर यायला हवा. अडत्याने माल शेतकऱ्याच्या नावाने न विकता स्वतःच्या नावे बिल फाडून विकला, तर विक्रेता तोच ठरतो.

ओळखण्याची साधी खूण म्हणजे खात्यातील क्विंटल. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव आहे, पण त्याच नावावर हंगामभर शेकडो क्विंटल कापूस येत असेल आणि सातबारावर तेवढे क्षेत्र नसेल, तर तो माल दुसऱ्याचा असण्याची शक्यता आहे. कर अधिकारी चौकशीला आला तर तोही हेच जुळवून पाहणार.

सोयाबीनची उलटी चूक

सोयाबीनवर खरेदीत कर लागला नाही म्हणून अनेक जण सॉफ्टवेअरमध्ये सोयाबीनच्या आयटमवरच ‘करमुक्त’ असा शिक्का मारून टाकतात. चूक इथेच घडते. बियाण्याच्या दर्जाचे नसलेले सोयाबीन ५ टक्के कराच्या यादीत आहे. खरेदीत कर नव्हता तो विकणारा शेतकरी होता म्हणून, वस्तू करमुक्त होती म्हणून नव्हे.

आयटम करमुक्त ठेवला की तेच सोयाबीन तेल मिलला विकतानाही बिल शून्य कराने निघते. २,२५,००० रुपयांचा माल २,४०,००० रुपयांना विकला, तर १२,००० रुपयांचा कर लावायचा राहून जातो. नंतर तो मिलकडून वसूल होईलच, असे नाही. शिवाय व्याज खिशातून जाते.

म्हणून आयटमवर ‘करपात्र, ५ टक्के’ आणि पुरवठादाराच्या खात्यावर ‘नोंदणी नसलेला’ अशी नोंद ठेवावी. कर वस्तूला चिकटलेला असतो. तो लावायचा की नाही, हे विकणाऱ्यावरून ठरते.

बिल्टी वाचताना तीन प्रश्न

वाहतुकीच्या बिलात सर्वाधिक गोंधळ असतो. तीन प्रश्न क्रमाने विचारले की उत्तर मिळते.

पहिला प्रश्न, बिल्टी आहे का? जीएसटीत ‘गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी’ म्हणजे बिल्टी देणारी संस्था. गावातला टेम्पोवाला बिल्टी न देता माल पोचवून रोख भाडे घेत असेल, तर ती सेवा करमुक्त आहे. तिथे आरसीएम नाही.

दुसरा प्रश्न, गाडीत काय होते? शेतमाल, धान्य, डाळी, पीठ, तांदूळ, दूध, मीठ, सेंद्रिय खत यांची बिल्टीवरची वाहतूकही करमुक्त आहे. त्यामुळे सोयाबीनच्या पोत्यांच्या ६,००० रुपयांवर काही नाही. मशीनच्या सुट्या भागांना ही सवलत नाही, म्हणून ८,००० रुपयांवर ५ टक्के, म्हणजे ४०० रुपये आरसीएम. ट्रान्सपोर्ट एकच, गाडीही एकच असू शकते. मालाच्या नावावरून नोंद बदलते. पूर्वी एका गाडीचे भाडे १,५०० रुपयांपर्यंत असेल तर सूट होती. ती १८ जुलै २०२२ पासून काढून टाकली आहे. जुन्या सवयीने छोट्या बिल्ट्या बाजूला ठेवणाऱ्यांनी हे तपासावे.

तिसरा प्रश्न, ट्रान्सपोर्टने स्वतः कर भरण्याचा पर्याय घेतला आहे का? तसा घेतला असेल तर बिलावर ५ किंवा १८ टक्के कर लावलेला दिसतो आणि तसे घोषणापत्रही छापलेले असते. मग आरसीएम भरायचा नाही, नाहीतर एकाच भाड्यावर दोनदा कर जातो.

आणखी एक शब्द पाहावा : बिल्टीवर ‘पेड’ आहे की ‘टू पे’? भाडे देण्याची जबाबदारी ज्याची, आरसीएम त्याचा. माल पाठवणाऱ्याने भाडे भरले असेल तर कर त्याने द्यायचा. माल घेणाऱ्याने द्यायचे असेल तर कर घेणाऱ्याचा. दोघांच्याही वहीत एकच बिल्टी आरसीएमला लागली, तर एकाची नोंद नक्की चुकीची आहे.

बिलच नाही, तरी कर : गोदामाचे भाडे

रिव्हर्स चार्जची सूचना बिलावर असायला हवी, असा नियम आहे. पण नोंदणी नसलेला घरमालक जीएसटीचे बिल देत नाही, मग सूचना कुठून येणार? १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून गाळा, दुकान किंवा गोदाम भाड्याने घेतले, तर नोंदणीकृत भाडेकरूने १८ टक्के आरसीएम भरायचा आहे. कंपोझिशनमधल्या करदात्याला १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले आहे.

आपल्या फर्मच्या १५,००० रुपये भाड्यावर २,७०० रुपये कर येतो : १,३५० सीजीएसटी, १,३५० एसजीएसटी. इथेही सेल्फ इनव्हॉइस लागते. हा कागद बिलांच्या ढिगात सापडत नाही. तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला जाणाऱ्या रकमेत सापडतो.

छापील सूचनेबद्दल एक खबरदारी. अनेक बिलांच्या नमुन्यात ‘रिव्हर्स चार्ज : नाही’ हे आधीपासून छापलेले असते. बिल्टीवर कर लावलेला नाही, मालही सवलतीचा नाही आणि खाली ‘नाही’ छापले आहे, अशा वेळी त्या छापील शब्दावर थांबू नका. जबाबदारी कायद्याच्या यादीवरून ठरते. ट्रान्सपोर्टला फोन करून खात्री करा आणि बिल दुरुस्त करून घ्या.

सगळे मिळून किती?

कापसाचे ७,०००, मशीनच्या भागांच्या भाड्याचे ४०० आणि गोदामाचे २,७००. एकूण आरसीएम १०,१०० रुपये. सोयाबीन, सोयाबीनची वाहतूक आणि डिझेल यांवर आरसीएम शून्य.

मासिक `GSTR-3B` विवरणपत्रात ही रक्कम दोन ठिकाणी जाते. देणे म्हणून तक्ता `3.1(d)` मध्ये आणि क्रेडिट म्हणून `4(A)(3)` मध्ये. करमुक्त वाहतूक आणि डिझेल यांची किंमत तक्ता `5` मध्ये दाखवायची. सोयाबीन तिथे जात नाही, कारण ती करपात्र वस्तू आहे.

हे १०,१०० रुपये रोखच भरावे लागतात. क्रेडिट लेजरमध्ये लाखभर रुपये पडून असले, तरी त्यातून आरसीएम फेडता येत नाही. भरलेल्या रकमेचे क्रेडिट मात्र त्याच महिन्याच्या विवरणपत्रात घेता येते.

मग सरकारला दिले आणि परत मिळाले, तर विसरले म्हणून काय बिघडले? हंगामात १ कोटीचा कापूस घेणाऱ्या जिनिंगचा आरसीएम ५ लाख होतो. तो वर्षभर राहिला, तर १८ टक्क्यांनी ९०,००० रुपये व्याज लागते. कराचे क्रेडिट मिळते, व्याजाचे मिळत नाही.

ढेप विकली की हिशेब बदलतो

क्रेडिट पूर्ण मिळते, ते विक्री पूर्णपणे करपात्र असेल तर. हीच फर्म सरकी स्वतः गाळत असेल, तर तेल करपात्र आहे, पण सरकी ढेप करमुक्त आहे. कापूस, भाडे, वाहतूक हा सगळा खर्च दोन्हींसाठी झालेला असतो. त्यामुळे एकूण विक्रीत करमुक्त विक्रीचा जेवढा वाटा, तेवढे क्रेडिट परत करावे लागते.

समजा महिन्याच्या विक्रीत ढेपेचा वाटा २० टक्के आहे. मग १०,१०० पैकी २,०२० रुपयांचे क्रेडिट `4(B)(1)` मध्ये रद्द करायचे. वहीत ती रक्कम खर्चाला नावे पडते आणि इनपुट खात्याला जमा होते. वर्ष संपल्यावर पूर्ण वर्षाच्या विक्रीवर हेच गणित पुन्हा करून फरक मिटवावा लागतो.

करमुक्त ओळ कधी कधी एकाच बिलात करपात्र ओळीशेजारी बसलेली असते. किराणा दुकानदाराच्या बिलावर तूर डाळीचे ३० किलोचे पोते शून्य कराने आणि त्याच डाळीची छापील लेबल असलेली १ किलोची पाकिटे ५ टक्क्यांनी येतात. पाकीटबंद आणि लेबल लावलेली डाळ २५ किलोपर्यंत करपात्र आहे. म्हणून बिलाची एकूण रक्कम नव्हे, प्रत्येक ओळ वेगळी नोंदवावी.

चूक कशी पकडायची?

पोर्टलवरील `GSTR-2B` मध्ये पुरवठादाराने रिव्हर्स चार्ज म्हणून दाखवलेली बिले वेगळी दिसतात. नोंदणीकृत ट्रान्सपोर्टची बिले तिथे जुळवता येतात. पण शेतकरी आणि घरमालक पोर्टलवर नाहीत. त्यामुळे `3.1(d)` मध्ये आपोआप भरून आलेला आकडा अपुराच असतो. आपल्या उदाहरणात ट्रान्सपोर्ट नोंदणीकृत असेल आणि त्याने बिल दाखवले असेल, तर तिथे १०,१०० ऐवजी फक्त ४०० दिसतील.

त्यामुळे दर महिन्याला विवरणपत्र भरण्याआधी तीन जुळण्या करा. कापूस खरेदी खात्यातील शेतकऱ्यांची एकूण रक्कम काढून तिचे ५ टक्के आरसीएम देय खात्याशी लावा. बँक स्टेटमेंटमधील भाड्याच्या रकमा सेल्फ इनव्हॉइसशी लावा. आणि वाहतूक खात्यातील प्रत्येक रकमेपुढे मालाचे नाव लिहिले आहे का, ते पाहा. नाव नसेल, तर ती बिल्टी पुन्हा काढून वाचावी लागेल.